मैफलींच्या फोल्डरची चेकसम यादी: ती कधी करावी, दर वर्षी कशी ताडावी आणि न जुळलेली फाइल कशी ओळखावी

प्रश्न: आजोबांच्या आणि त्यांच्या गुरुबंधूंच्या मैफलींच्या कॅसेट आम्ही ग्वाल्हेरला संगणकावर उतरवून घेतल्या, बंदिशींच्या वह्याही स्कॅन केल्या. सगळे मिळून ६०० जीबीचे एक फोल्डर दोन बाहेरच्या हार्ड डिस्कांवर ठेवले आहे. परवा एका वहीचे पान उघडले तर खालचा अर्धा भाग करडा दिसला. डिस्कने मात्र कसलीही चूक दाखवली नव्हती. चेकसमची यादी करून ती दर वर्षी ताडून पाहा असे सांगतात, ते नेमके कसे करायचे? लॅपटॉप विंडोजचा आहे.

उत्तर: त्या करड्या पानापासून सुरुवात करावी लागेल, कारण यादी करण्याआधी त्याचा निकाल लागणे आवश्यक आहे. चेकसम म्हणजे फाइलमधील प्रत्येक बाइट क्रमाने वाचून काढलेली ठरावीक लांबीची एक संख्या. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अक्षरांची असते, मग फाइल वहीच्या एका पानाची असो की पाऊण तासाच्या ध्वनिमुद्रणाची. आणि फाइलमधील एकच बिट उलटला तरी ही संख्या ओळखू येणार नाही इतकी बदलते. मात्र फाइल चांगली आहे की बिघडलेली, हे ती संख्या सांगत नाही. यादी केली त्या दिवशी फाइल जशी होती तशीच ती आज आहे का, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून मिळते. करडे पान तसेच ठेवून आज यादी केलीत, तर पुढच्या प्रत्येक वर्षी ते करडे पान ‘बरोबर’ म्हणून उत्तीर्ण होत राहील.

तुमच्याकडे दोन डिस्का आहेत ही यात फार मोलाची गोष्ट आहे. पहिल्या डिस्कवरील फोल्डरची एक कच्ची यादी करा आणि त्या यादीशी दुसरी डिस्क ताडून पाहा. ज्या फाइली दोन्हीकडे जुळतील त्या निदान दुसरी प्रत घेतल्यापासून बदललेल्या नाहीत, असे म्हणता येईल. ज्या जुळणार नाहीत त्यांची निदान एक प्रत नक्की बदललेली किंवा बिघडलेली आहे, आणि ती कोणती हे या टप्प्यावर फाइल उघडून, पाहून किंवा ऐकूनच ठरवावे लागेल. करडे पान दुसऱ्या डिस्कवर स्वच्छ असेल तर ते तिथून आणता येईल. दोन्हीकडे सारखेच करडे असेल आणि चेकसमही जुळत असेल, तर बिघाड दुसरी प्रत घेण्याच्या आधीचा आहे. तेव्हा वही हाताशी आहे तोवर ते पान पुन्हा स्कॅन करणे हाच उपाय उरतो. ही छाननी संपल्यावर जी यादी कराल ती पक्की.

आता प्रत्यक्ष कृती. विंडोजवर हे काम करण्याचा मला सर्वांत सोपा वाटलेला मार्ग म्हणजे ‘गिट फॉर विंडोज’ हा मोफत संच बसवून त्यातील गिट बॅश ही खिडकी वापरणे, कारण लिनक्सवर वर्षानुवर्षे वापरात असलेल्या `find`, `sort`, `sha256sum` या आज्ञा तिच्यात तयार मिळतात. त्यांनी केलेली यादी साध्या मजकुराची असते आणि उद्या लॅपटॉप बदलला, लिनक्सवर गेलात, तरी तीच यादी तशीच चालते. पॉवरशेलमध्येही `Get-FileHash` ही आज्ञा आहे आणि एखाद-दुसऱ्या फाइलसाठी ती उत्तम आहे. पण विंडोजसोबत येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये तिचे उत्तर `>` या चिन्हाने फाइलीत उतरवले की मजकूर वेगळ्या संकेतप्रणालीत लिहिला जातो आणि `sha256sum` ला ती यादी वाचता येत नाही.

पहिली डिस्क `E:` या अक्षराने दिसत असेल आणि फोल्डरचे नाव `sangrah` असेल, तर आज्ञा अशा:

```
cd /e/sangrah
find . -type f -print0 | LC_ALL=C sort -z | xargs -0 sha256sum > ~/yadi-2025.sha256
find . -type f -printf '%s %TY-%Tm-%Td %p\n' > ~/mahiti-2025.txt
```

दुसऱ्या ओळीने पक्की यादी तयार होते. प्रत्येक ओळीत आधी ६४ अक्षरांची संख्या आणि मग फाइलचे नाव. तिसऱ्या ओळीने प्रत्येक फाइलचा बाइटमधील आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख टिपली जाते. ही दुसरी, साधी दिसणारी यादी बहुतेक जण करत नाहीत. परंतु वर्षभराने एखादी फाइल जुळली नाही तर ती खरोखर बिघडली आहे की घरातील कोणी तिला हात लावला आहे, हे तिच्याशिवाय ठरवणे कठीण जाते. यादी मुद्दाम फोल्डरच्या बाहेर ठेवली आहे, नाहीतर ती स्वतःचीच अर्धवट नोंद घेते. तसेच डिस्कच्या मुळाशी न थांबता फोल्डरच्या आत जाऊनच आज्ञा द्या, म्हणजे विंडोजने डिस्कवर स्वतःसाठी ठेवलेल्या फाइली यादीत शिरणार नाहीत. फोल्डरात `Thumbs.db` किंवा `desktop.ini` आढळल्यास यादीपूर्वी त्या काढून टाका. त्या आपोआप बदलतात आणि दर वर्षी खोटा इशारा देतात.

वेळेचा अंदाज असा की बाहेरची फिरती डिस्क सेकंदाला सुमारे १०० एमबी वाचते असे धरले तर ६०० जीबीला ६,००० सेकंद, म्हणजे १ तास ४० मिनिटे लागतील. स्कॅनच्या हजारो लहान फाइलींमुळे प्रत्यक्षात अडीच-तीन तास धरून चाला. तोवर लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करा आणि डिस्क हबमधून न जोडता थेट लॅपटॉपला जोडा.

आता फाइलींच्या नावांविषयी, कारण देवनागरी नावे दिलेल्या संग्रहांत मला सर्वांत जास्त खोटे इशारे इथूनच आलेले दिसतात. ‘दुसऱ्या मैफलीचा भैरव’ अशी नावे तुमच्याकडे असणारच. त्यातील ‘ऱ्’ संगणकावर एकाहून अधिक प्रकारांनी लिहिला जातो. नुक्ता असलेला ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह म्हणून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असतात. मॅकच्या जुन्या डिस्क-रचनेत पहिला प्रकार जतन करतानाच दुसऱ्यात बदलला जातो. म्हणजे कोणी पाहुण्याने मॅकवर प्रत काढून दिली की नाव तेच दिसते, फाइल जशीच्या तशी असते आणि तपासणी मात्र ती फाइल सापडतच नाही असे सांगते. म्हणून संग्रहातील फाइलींना `1987-fit014-b.wav` अशी साध्या रोमन अक्षरांची व आकड्यांची नावे द्यावीत, आणि राग, बंदिश, गायक, साथीदार ही सगळी माहिती मराठीत वेगळ्या सूचीत लिहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. नावे बदलायची असतील तर पक्की यादी करण्याआधी बदला. नंतर बदललीत तर जुन्या यादीतील ओळी निराधार होतात.

एसएचए-२५६ च का, एमडी-५ का नाही, हेही कोणी विचारील. एमडी-५ मध्ये दोन वेगळ्या फाइलींची संख्या एकच येईल अशी मुद्दाम केलेली जुळणी २००४ पासून दाखवता येते. आपला शत्रू लबाडी करणारा माणूस नसून जीर्ण होणारी डिस्क असल्यामुळे जुनी एमडी-५ यादी असेल तर ती फेकू नये, ती अजूनही उपयोगी आहे. नवी यादी करताना मात्र एसएचए-२५६ घ्यावी. डिस्क वाचायला लागणारा वेळच इतका असतो की गणिताचा जास्तीचा वेळ जाणवत नाही.

वर्षभराने करायची तपासणी अशी:

```
cd /e/sangrah
sha256sum -c --quiet ~/yadi-2025.sha256 > ~/tapas-2026.txt 2>&1
cut -c67- ~/yadi-2025.sha256 | LC_ALL=C sort > ~/a.txt
find . -type f | LC_ALL=C sort > ~/b.txt
diff ~/a.txt ~/b.txt
```

पहिल्या तपासणीत सगळे जुळले तर `tapas-2026.txt` रिकामी राहते. जुळले नाही तर फाइलचे नाव आणि पुढे `FAILED` असे येते. उरलेल्या तीन ओळी नावे ताडण्यासाठी आहेत, कारण `sha256sum` यादीत नसलेल्या फाइलींविषयी काहीच बोलत नाही. वर्षभरात कोणी आणखी फाइली टाकल्या तर त्या तपासणीच्या नजरेतून निसटतात. `diff` च्या उत्तरात `>` ने सुरू होणारी ओळ म्हणजे डिस्कवर असलेली पण यादीत नसलेली फाइल, आणि `<` म्हणजे यादीत असलेली पण डिस्कवरून नाहीशी झालेली. मग हीच तपासणी `cd /f/sangrah` करून दुसऱ्या डिस्कवर करायची, आणि तीही त्याच यादीने. दोन डिस्कांसाठी दोन स्वतंत्र याद्या केल्या तर त्यांच्यातील फरक कधीच उघडकीला येत नाही.

इथे एक बारकावा सांभाळावा लागतो. संगणक नुकतीच लिहिलेली किंवा वाचलेली फाइल काही काळ स्मृतीत धरून ठेवतो. प्रत काढल्या काढल्या तपासणी केली तर बऱ्याच फाइली डिस्कवरून न वाचता स्मृतीतूनच वाचल्या जातात आणि डिस्कवर काय उमटले आहे हे कळतच नाही. त्यामुळे प्रत घेतल्यानंतर डिस्क सुरक्षितपणे काढून, पुन्हा जोडून, मगच तपासणी करावी. वर्षभराच्या तपासणीत डिस्क नव्यानेच जोडलेली असते, तेव्हा हा प्रश्न येत नाही. फेरतपासणीत मात्र येतो.

तपासणीचा काळ ग्वाल्हेरकरांनी दिवाळीनंतरचा ठेवावा. मे-जूनमध्ये तिकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि लहान प्लास्टिकच्या डबीतील डिस्क तशा खोलीत सलग तीन तास फिरवणे तिच्या दृष्टीने बरे नाही.

आता एखादी ओळ `FAILED` आली तर काय समजायचे ते पाहू. लगेच दुसऱ्या डिस्कवरून फाइल आणून वर लिहून टाकू नका. आधी डिस्क काढून, दुसऱ्या केबलने, शक्य असल्यास दुसऱ्या संगणकावर जोडून त्याच एका फाइलचा चेकसम पुन्हा काढा आणि उत्तर लिहून ठेवा. मग असेच आणखी एकदा करा. दर वेळी चुकीची पण तीच संख्या आली तर बिघाड डिस्कवर उमटलेला आहे. दर वेळी वेगळीच संख्या आली, किंवा एकदा बरोबर आणि एकदा चूक आली, तर फाइल बहुधा शाबूत आहे आणि दोष वाचण्याच्या वाटेत आहे: केबल, जोडणीची खोबण, डिस्कच्या डबीतील छोटी सर्किटची पट्टी किंवा संगणकाची रॅम. असा संगणक दुरुस्त होईपर्यंत त्यावर संग्रहाची कोणतीही प्रत काढू नये, कारण तो जे वाचताना चुकतो ते लिहितानाही चुकवतो. `FAILED open or read` असा संदेश निराळा आहे. त्यात फाइल सापडली नाही किंवा डिस्कला तो भाग वाचताच आला नाही. सोबत `Input/output error` असे आले तर डिस्क उघडपणे आजारी आहे, आणि इतर कामे सोडून आधी तिच्यावरील उरलेले वाचवून घ्यावे.

तीच चुकीची संख्या पुन्हा पुन्हा येत असेल तर `mahiti-2025.txt` उघडून त्यातील नोंदीशी त्या फाइलचा आजचा आकार आणि तारीख ताडून पाहा. तारीख पुढची दिसत असेल तर जवळजवळ नेहमीच माणसाचा किंवा एखाद्या प्रोग्रामचा हात असतो. फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये आडवे पान फिरवून उभे केले की तो फाइल नव्याने लिहितो. गाणी वाजवणारे काही प्रोग्राम एमपी३ मध्ये अल्बमचे नाव व चित्र आपणहून घालतात. याला बिघाड म्हणता येणार नाही, पण मूळ प्रत बदलली आहे हे खरे, आणि ती दुसऱ्या डिस्कवरून परत आणावीच. आकार कमी झाला असेल तर प्रत अर्धवट निघालेली आहे. आणि आकार तोच, तारीख तीच, चेकसम मात्र वेगळा, असे दिसले तर तुम्ही ज्याच्या शोधात आहात तो मूक बिघाड हाच.

इंदूरच्या एका संस्थेच्या ध्वनिसंग्रहात हे स्वच्छ पाहायला मिळाले होते, म्हणून तो प्रसंग तपशिलाने सांगतो. फाइल होती ९० मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूची, म्हणजे ४५ मिनिटांची, सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा आणि दोन वाहिन्या. याचा हिशेब सेकंदाला २,८८,००० बाइट होतो. ४५ मिनिटांचे ७७,७६,००,००० बाइट आणि सुरुवातीच्या मथळ्याचे ४४. आकार अचूक तेवढाच होता, तारीख ध्वनिमुद्रण उतरवल्याच्या दिवसाचीच होती, आणि फाइल विनातक्रार वाजत होती. चेकसम मात्र दर वेळी तोच चुकीचा येत होता. दुसऱ्या डिस्कवरील प्रत यादीशी जुळली, तेव्हा दोन्ही प्रती बाइटागणिक ताडल्या:

```
cmp -l bighadleli.wav changli.wav > farak.txt
head -1 farak.txt
tail -1 farak.txt
wc -l farak.txt
```

ही आज्ञा जिथे फरक आहे त्या प्रत्येक बाइटचा क्रमांक आणि दोन्ही फाइलींतील त्याची किंमत देते. पहिला फरक ४०,१४,०८,००१ व्या बाइटला होता आणि शेवटचा ४०,१४,१२,०९६ व्या. दोन्ही धरून मधले अंतर ४,०९६ बाइटांचे, आणि त्याआधीच्या बाइटांची संख्या ४,०९६ ने नेमका भाग जाणारी. बिघडलेल्या प्रतीच्या रकान्यात सगळीकडे शून्य होते. फरकाच्या ओळी ४,०९६ हून थोड्या कमी होत्या, कारण मूळ ध्वनीतही काही बाइट शून्यच होते. इतक्या रेखीव कडा असलेला बिघाड गाण्याच्या फाइलीत योगायोगाने होत नाही. डिस्क ४,०९६ बाइटांच्या खणांत लिहिते आणि तिचा एक पूर्ण खण कोरा होऊन बसला होता. ऐकायला गेल्यास ते ठिकाण २३ मिनिटे १३ सेकंदांच्या पुढे येते आणि त्या शांततेची लांबी सेकंदाच्या सत्तराव्या हिश्शाइतकी आहे. ऐकणाऱ्याला फार तर एक टिचकी ऐकू येईल आणि जुन्या फितीचाच तो दोष असावा असे वाटेल. जवळजवळ ७८ कोटी बाइटांतील हे चार हजार बाइट कानाने किंवा डोळ्याने कोणालाही शोधता आले नसते.

दुसऱ्या प्रकारचा बिघाड याहून बारीक असतो. `cmp -l` ची एकच ओळ येते आणि तिच्यात, उदाहरणार्थ, `215` आणि `255` अशा दोन किमती असतात. या किमती आठ या पायाने लिहिलेल्या असतात. बिटांत मांडून पाहिल्यास या दोहोंत एकाच बिटाचा फरक आहे. एखादा बिट असा उलटण्याचे ठिकाण बहुधा प्रत काढणाऱ्या संगणकाची रॅम असते, आणि अशी फाइल जन्मतःच चुकीची लिहिली गेलेली असते. वेव्ह फाइलीत एक बिट उलटला तर क्वचितच ऐकू येते. जेपीजीत मात्र पुढचा मजकूर मागच्यावर अवलंबून असल्यामुळे एका बिटाने त्याखालचे सगळे पान सरकते, रंग बदलते किंवा करडे पडते. तुमच्या वहीच्या पानाचे असेच झाले असण्याचा संभव आहे. दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत मिळाली तर `cmp -l` ने ते कळेल. फाइल शेपटाकडून तुटलेली असेल तर आकारातच फरक दिसेल.

असे बिघाड किती होतात याची कल्पना यावी म्हणून एक आकडा देतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार डिस्कांच्या ४१ महिन्यांच्या नोंदी पाहिल्या गेल्या आणि चेकसम न जुळल्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग आढळले. आपल्या घरी असतात त्या स्वस्त साटा जातीच्या डिस्कांत हे प्रमाण महागड्या डिस्कांपेक्षा बरेच अधिक होते. याचा अर्थ तुमची डिस्क यंदा बिघडेल असा नव्हे. बहुतेक वर्षी `tapas` ची फाइल रिकामीच राहील.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे. दुसऱ्या डिस्कवरील ती फाइल आधी यादीशी ताडा. जुळली तर पहिल्या डिस्कवरील बिघडलेल्या फाइलला वेगळे नाव देऊन संग्रहाबाहेर हलवा, चांगली प्रत आणा, डिस्क काढून पुन्हा जोडा आणि त्या फाइलचा चेकसम परत पाहा. बिघडलेली प्रत लगेच पुसू नका, कारण पुढच्या वर्षी त्याच डिस्कवर दुसरी फाइल गेली तर दोन्ही बिघाडांची जात एकच आहे का, हे पाहता येते. वर सांगितलेल्यासारखा कोरा खण दोन वेगळ्या फाइलींत आढळला तर मी ती डिस्क संग्रहासाठी वापरणे थांबवतो.

याच ठिकाणी सर्वांत मोठी हानी होऊ शकते, म्हणून ते सविस्तर सांगतो. एका डिस्कवरून दुसरीवर आरशासारखी प्रत ठेवणारे प्रोग्राम पुष्कळ जण वापरतात. त्यांची नेहमीची रीत आकार आणि तारीख पाहून फाइल बदलली का ते ठरवण्याची असते. मूक बिघाडात या दोन्ही गोष्टी बदलत नाहीत, त्यामुळे बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर लिहिली जात नाही आणि आपण वाचतो. परंतु ‘जास्त काटेकोर’ म्हणून कोणी प्रत्यक्ष मजकूर ताडण्याची सोय चालू केली, जसे `rsync` मध्ये `-c`, तर प्रोग्रामला दोन प्रतींत फरक दिसतो, आणि मूळ कोणती ते आपणच सांगितलेले असल्याने तो बिघडलेली फाइल उचलून चांगल्या प्रतीवर निष्ठेने लिहितो. त्यानंतर दोन्ही डिस्का एकमेकींशी जुळतात आणि बिघाड कायमचा होतो. म्हणून दोन्ही डिस्का आधी यादीशी ताडायच्या, निकाल लावायचा, आणि मगच प्रत अद्ययावत करायची. दोन प्रतींत फरक आहे हे त्या दोन प्रती सांगू शकतात. खरी कोणती हे सांगणारी तिसरी साक्ष फक्त यादीची असते.

त्यामुळेच पक्की यादी पुन्हा नव्याने करू नये. दर वर्षी जुनी यादी पुसून ताजी करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची यादी कायम जुळते, कारण वर्षभरात जे बिघडले ते त्या दिवशी बरोबर म्हणून नोंदले जाते. यंदा आणखी कॅसेट उतरवल्यात तर फक्त त्या नव्या फाइलींची स्वतंत्र यादी `yadi-2026.sha256` अशा नावाने करा, आणि तीही ध्वनिमुद्रण ज्या संगणकावर उतरवले तिथेच, डिस्कवर प्रत काढण्यापूर्वी, पूर्ण ऐकून झाल्यावर. २०२६ च्या तपासणीत दोन याद्या चालवाव्या लागतील, २०२७ ला कदाचित तीन. त्याने काही बिघडत नाही. नावे ताडताना मात्र सगळ्या याद्या `cat` ने जोडून घ्या, नाहीतर एका यादीतील फाइली दुसरीला परक्या वाटतील. एखादे पान पुन्हा स्कॅन करून मुद्दाम बदलले असेल तर यादीतील तेवढीच एक ओळ बदला, वहीत तारखेसह कारण लिहा आणि यादीच्या चेकसमची पुढे सांगितलेली कागदी नोंदही नवी करा.

यादीही एक फाइलच आहे आणि तीही बिघडू शकते. ती लहान असते, तेव्हा तिच्या प्रती दोन्ही डिस्कांवर `sangrah` फोल्डरच्या शेजारी, लॅपटॉपवर आणि गावाबाहेरच्या एखाद्या नातलगाकडे ईमेलने ठेवणे सोपे आहे. शिवाय `sha256sum ~/yadi-2025.sha256` अशी आज्ञा देऊन खुद्द यादीचा चेकसम काढा आणि ती ६४ अक्षरे तारखेसह कागदावर छापून सूचीच्या वहीत चिकटवा. पुढच्या वर्षी तपासणीला बसताना पहिली ताडणी त्या कागदाशी करा. ती अक्षरे जुळली नाहीत तर यादीची दुसरीकडे ठेवलेली प्रत घ्या आणि तीही त्या कागदाशी ताडा. जुळली तरच संग्रहाची तपासणी सुरू करा.